दाखला जसाच्या तसा, सीव्ही नव्याने: मावसभावाच्या अर्जातून शिकलेली गोष्ट

ज्यांना हा भाग ऐकता आला नाही, किंवा ऐकून झाल्यावर "ते इंग्रजी वाक्य नक्की काय होतं?" असं वाटलं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त इंग्रजी ओळी नीट टाइप करून दिल्यात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याबरोबर कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "दादा, तू इंजिनिअर आहेस, माझा बायोडाटा इंग्रजीत करून दे ना." शहाद्याहून येतो, तळोद्याहून येतो, नवापूरहून येतो. कुणाला जर्मनीला जायचंय, कुणाला आखातात, कुणाला आणखी कुठे. मी पुण्यात कोड लिहितो, अनुवादक नाही. पण घरचं काम म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही.

त्यातलं एक काम मी चुकवलं. आज त्याचीच गोष्ट सांगतो, कारण तीच चूक आत्ता कुणीतरी करत असणार.

पवनचक्कीवरचा पोरगा

माझा मावसभाऊ नंदुरबार जिल्ह्यातला. दहावी झाली, मग आयटीआयला दोन वर्षं इलेक्ट्रिशियन ट्रेड, २०१७ ला पास. एक वर्ष अप्रेंटिसशिप. आणि एप्रिल २०१९ पासून शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर ज्या पवनचक्क्या आहेत ना, तिकडे एका ठेकेदाराकडे देखभालीचं काम. ऐंशी मीटरच्या आसपास उंच टॉवर, आतून शिडी, वर जाऊन पॅनेल उघडायचं. उन्हाळ्यात वर काय गरम होत असेल ते त्यालाच माहीत.

त्याने उत्तर युरोपातल्या एका कंपनीची जाहिरात दाखवली. पवनऊर्जेची देखभाल करणारे तंत्रज्ञ हवे होते. जाहिरातीत तीन गोष्टी होत्या: दोन पानांच्या आतला इंग्रजी सीव्ही पीडीएफमध्ये, एक छोटं अर्जाचं पत्र, आणि इंग्रजीत नसलेल्या कागदांचा प्रमाणित अनुवाद.

त्याच्याकडे काय होतं? झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतलेला मराठी बायोडाटा. वर उजवीकडे फोटो. मग संपूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची, छंद: क्रिकेट खेळणे. खाली "वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे", ठिकाण, दिनांक, सही. सहा वर्षांचं काम मात्र एका ओळीत: "पवनचक्की मेंटेनन्सचा अनुभव."

हा बायोडाटा ओळखीचा वाटला ना? आपल्याकडे नोकरीचा आणि लग्नाचा कागद जवळपास सारखाच असतो. दोन्ही ठिकाणी "मुलगा कोणाचा" हे आधी सांगायचं असतं. तिकडच्या माणसाला वेगळा प्रश्न पडलेला असतो: हा सोमवारी कामावर आला तर काय काय करू शकेल?

मी काय चुकलो

मी एका रात्रीत सगळं इंग्रजीत केलं. आणि करताना शहाणपणा केला. मला वाटलं, आयटीआय म्हणजे काय हे तिकडे कुणाला कळणार? म्हणून लिहिलं "Diploma in Electrical". पवनचक्कीला लिहिलं "windmill", कारण आपण सगळे तेच म्हणतो. आणि ठेकेदाराने दिलेला मराठी अनुभवाचा दाखला अनुवाद करताना त्यात कामाची दोन वाक्यं माझ्या मनाने घातली. दाखला फार कोरडा होता म्हणून.

व्हिडिओ मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला: डिप्लोमा कोणत्या संस्थेचा, किती वर्षांचा? भावाने खरं सांगितलं, आयटीआय, दोन वर्षं. मग त्यांनी मूळ दाखला आणि अनुवाद शेजारी ठेवले. त्यांच्याकडे मराठी वाचणारी एक व्यक्ती होती. मूळ कागदावर चार ओळी, अनुवादात सहा. आठवड्याने मेल आला: सीव्ही आणि कागदपत्रं जुळत नाहीत, पुढे जाता येणार नाही.

भाऊ मला काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, आयटीआय लिहिलं असतं तरी चाललं असतं का?" चाललं असतं. कंपनीला डिप्लोमा नकोच होता. जाहिरातीत लिहिलं होतं, व्यावसायिक प्रशिक्षण आणि अनुभव. मी त्याची पात्रता वाढवायला गेलो आणि त्याला खोटारडा ठरवून बसलो.

दोन ढीग करा

यातून मला जी गोष्ट कळली ती अशी. अर्जाच्या कागदांचे दोन ढीग असतात आणि त्यांचे नियम एकमेकांच्या उलटे असतात.

पहिला ढीग: जे तुम्ही स्वतःबद्दल लिहिता. सीव्ही आणि अर्जाचं पत्र. याचा अनुवाद करायचाच नसतो. मराठी बायोडाटा बाजूला ठेवायचा आणि वाचणाऱ्याच्या पद्धतीने कोरं पान घेऊन नव्याने लिहायचं. काय ठेवायचं, काय गाळायचं, हे तुमच्या हातात.

दुसरा ढीग: जे दुसऱ्याने तुमच्याबद्दल लिहून सही-शिक्का मारलाय. शाळा सोडल्याचा दाखला, अनुभवाचा दाखला, गुणपत्रक. यात तुमचा हात लागता कामा नये. असेल ते सगळं, चूक असेल तर चुकीसकट, इंग्रजीत उतरायचं. काही वाढवायचं नाही, काही गाळायचं नाही, सुधारायचंही नाही.

मी दोन्ही ढिगांत उलटं केलं. सीव्हीत शब्दाला शब्द ठेवला आणि दाखल्यात मनाचं घातलं.

पहिला ढीग: सीव्ही नव्याने

दुसऱ्या कंपनीसाठी आम्ही पुन्हा बसलो. यावेळी घाई नाही. मी त्याला म्हटलं, "तू सकाळी साइटवर पोचल्यापासून काय करतोस ते सांग, मी लिहितो." तो तासभर बोलला. त्यातून हे निघालं:

```
Wind Turbine Technician (Electrical), Apr 2019 – present
Sakri, Dhule District, Maharashtra, India
- Scheduled maintenance of 14 onshore turbines
  (2.1 MW each), in a team of three
- Fault finding in pitch and yaw control panels
- Lockout/tagout before all work inside the tower
```

बघा, एकही शब्द वाढवून लिहिलेला नाही. किती यंत्रं, किती क्षमतेची, किती जणांच्या टीममध्ये, नेमकं कुठल्या भागावर काम. पिच म्हणजे पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा, यॉ म्हणजे वरचं डोकं वाऱ्याकडे वळवणारी. तो हे रोज हाताळतो, पण बायोडाट्यात लिहावं असं त्याला कधी वाटलंच नाही, कारण आपल्या नमुन्यात त्याला रकानाच नसतो. शेवटची ओळ सुरक्षेची: काम सुरू करण्याआधी वीज तोडून, कुलूप लावून, स्वतःच्या नावाचा टॅग अडकवणं. तिकडचा सुपरवायझर हीच ओळ आधी शोधतो.

आणि "windmill" गेलं, "wind turbine" आलं. इंग्रजीत विंडमिल म्हणजे मूळात धान्य दळणारी, जुनी, चित्रातली. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, पण या क्षेत्रात वावरलेला माणूस तो शब्द लिहीत नाही. तुमच्या कामाचे असे शब्द कुठे सापडतील? त्याच जाहिरातीत. आधी जाहिरात तीनदा वाचा, मग लिहा.

शिक्षणाची ओळ आता अशी झाली:

```
National Trade Certificate, Electrician (NCVT), 2017
Two-year full-time vocational course
```

पहिली ओळ म्हणजे प्रमाणपत्रावर छापलेलं नाव, तसंच्या तसं. दुसरी ओळ समजावणारी. परक्या माणसाला आपली पदवी कळत नसेल तर तिला त्याच्याकडच्या पदवीचं नाव द्यायचं नाही. मूळ नाव ठेवायचं आणि खाली ते किती काळाचं, कशाचं हे साधं सांगायचं. गुणांचंही तसंच. "प्रथम श्रेणी" असेल तर "First Class" लिहा. त्याचं युरोपियन ग्रेडमध्ये रूपांतर स्वतः करू नका, ते त्यांचं काम.

मग एक ओळ जिने मुलाखत मिळाली असं मला वाटतं:

```
GWO Basic Safety Training (onshore modules), WINDA ID: …
```

पवनऊर्जेत जीडब्ल्यूओ नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिचं मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण असतं: प्रथमोपचार, वजन हाताळणं, आगीपासून बचाव, उंचीवरचं काम, आणि समुद्रातल्या यंत्रांवर जाणाऱ्यांसाठी समुद्रातला बचाव. प्रशिक्षण केंद्र त्याची नोंद विंडा नावाच्या ऑनलाइन नोंदवहीत करतं आणि तुम्हाला एक क्रमांक मिळतो. कंपनी तिथे जाऊन थेट तपासू शकते. भावाने हे प्रशिक्षण घेतलं होतं! पण बायोडाट्यात नव्हतं, फाइलमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत होतं. यातल्या बहुतेक भागांची मुदत दोन वर्षं असते, त्यामुळे अर्ज करण्याआधी तारीख बघा.

गाळलं काय? धर्म, जात, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, उंची, छंद, आणि ते शेवटचं "खरी आहे" वालं वाक्य. फोटोचा मात्र एकच नियम नाही. ब्रिटन, आयर्लंड, अमेरिकेत फोटो आणि जन्मतारीख टाकत नाहीत. भेदभावाचा आरोप येऊ नये म्हणून कंपन्यांनाच ते नको असतं. जर्मनीत फोटो लावायची जुनी पद्धत आहे, सक्ती नाही. पण मधल्या रिकाम्या महिन्यांबद्दल तिथे हमखास विचारतात. आखातातल्या सीव्हीत फोटो, राष्ट्रीयत्व, पासपोर्टची मुदत सर्रास असते. म्हणून एकच सीव्ही सगळीकडे पाठवायचा नाही.

तारखांची एक गंमत. आपण ०१/०४/२०१९ लिहितो म्हणजे एक एप्रिल. अमेरिकन माणूस ते चार जानेवारी वाचतो. महिना अक्षरात लिहा, विषय संपला.

अर्जाच्या पत्राचंही तेच. आपलं पत्र सुरू होतं "मा. व्यवस्थापक साहेब यांस, सविनय सादर" आणि संपतं "आपला आज्ञाधारक". मधे असतं, घरची परिस्थिती हलाखीची असून नोकरीची नितांत गरज आहे. भावाच्या पत्रातही होतं, आणि ते खरंही होतं. पण वाचणाऱ्याला त्यावरून काम येतं की नाही हे कळत नाही. त्या जागी तीन छोटे परिच्छेद केले: कुठल्या जागेसाठी अर्ज, त्यांनी मागितलेल्यापैकी माझ्याकडे काय आहे, आणि कधीपासून येऊ शकतो. खाली "Yours sincerely" आणि नाव.

दुसरा ढीग: दाखल्याला हात लावायचा नाही

आधी ढीग चाळा. सगळ्याच कागदांचा अनुवाद लागत नाही. त्याचं आयटीआयचं प्रमाणपत्र, दहावीचं गुणपत्रक यांवर इंग्रजी होतंच. निव्वळ मराठीत दोनच कागद निघाले: शाळा सोडल्याचा दाखला आणि ठेकेदाराचा अनुभवाचा दाखला.

शाळा सोडल्याच्या दाखल्यात जातीचा रकाना असतो, "वर्तणूक: चांगली" असतं, शेरा असतो. भाऊ म्हणाला, "सीव्हीतून जात काढली, मग यातूनही काढू." नाही. अनुवादात रकाना गाळला की अनुवाद खोटा ठरतो. पण दुसरा प्रश्न विचारता येतो: हा कागद मागितलाय का? नव्हता मागितला. जन्मतारखेसाठी पासपोर्ट पुरेसा होता. कागदातला रकाना लपवता येत नाही, पण न मागितलेला कागद पाठवायची गरजही नसते.

राहिला अनुभवाचा दाखला. त्यात एवढंच होतं: "दाखला देण्यात येतो की, सदर इसम आमच्याकडे दि. ०१/०४/२०१९ पासून कामास असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा." पद नाही, कामाचं स्वरूप नाही, पूर्णवेळ की रोजंदारी ते नाही, सही कुणाची तेही वाचता येत नाही. मागच्या वेळी मी ही कमतरता अनुवादात भरून काढली होती. खरा उपाय साधा होता: ठेकेदाराकडे जाऊन नवा दाखला मागायचा. भाऊ गेला. लेटरहेडवर, इंग्रजीत, पद, तारखा, कामं, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि फोन असा दाखला घेऊन आला. दोन चकरा पडल्या, एवढंच. आणि अनुवादाचं कामच उरलं नाही.

तुमचा ठेकेदार किंवा जुना मालक नवा दाखला देत नसेल, तर मराठी दाखल्याचा प्रमाणित अनुवाद करून घ्या. चांगला अनुवाद कसा ओळखायचा? शिक्क्यातला मजकूरही उतरवलेला असतो. सही वाचता येत नसेल तर "[signature illegible]" असं लिहिलेलं असतं. शेवटी अनुवाद पूर्ण आणि अचूक असल्याचं विधान, अनुवादकाचं नाव, सही, तारीख असते, आणि मूळ कागदाची प्रत सोबत जोडलेली असते. शिक्के, शेरे गायब आणि भाषा मूळ दाखल्यापेक्षा गोड, तर समजा कुणीतरी माझ्यासारखा शहाणपणा केलाय. आणि पैसे देण्याआधी कंपनीला विचारा की कुणाचा अनुवाद चालतो. जर्मनीत न्यायालयापुढे शपथ घेतलेले अनुवादक असतात आणि काही कामांना त्यांचाच अनुवाद लागतो. इथे केलेला खर्च मग वाया जातो.

नावातला "व"

शेवटची अडचण आमच्या भागातल्या लोकांना चांगलीच ठाऊक असेल. वळवी, वसावे, पाडवी, गावित. आडनावात "व" आला की इंग्रजीत कुणी V लिहितं, कुणी W. समजा आडनाव वळवी, तर एका कागदावर `Valvi`, दुसऱ्यावर `Walvi`. मराठीत एकच माणूस, कॉम्प्युटरला दोन. त्यात दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी, पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा.

भावाचा पासपोर्ट आणि आयटीआयचं प्रमाणपत्र यांत हाच फरक होता. आम्ही ठरवलं, पासपोर्ट हा राजा. सीव्ही, ईमेल, फाइलचं नाव, विंडातली नोंद, नवा दाखला, सगळीकडे पासपोर्टसारखंच. विंडात W होता, तो प्रशिक्षण केंद्राला मेल करून बदलून घेतला. आयटीआयच्या प्रमाणपत्रात दुरुस्तीसाठी अर्ज केलाय, त्याला वेळ लागतो. तोवर प्रतिज्ञापत्र जोडलं आणि सीव्हीत एक ओळ टाकली:

```
Note: surname appears as "Walvi" on trade certificate
```

त्यांनी शोधून विचारण्याआधी आपण सांगितलं, की तो फरक संशयाचा न राहता माहितीचा होतो.

दुसऱ्या कंपनीची मुलाखत झाली. त्यांनी दाखल्यावरच्या नंबरवर ठेकेदाराला फोन केला, विंडा तपासलं, नावाबद्दल एक प्रश्न विचारला. करार आलाय, वर्क परमिटचा अर्ज गेलाय. उत्तर आलेलं नाही. भाऊ अजून रोज शिडी चढतोय. मधल्या काळात गावातल्या दोघांनी त्याच्याकडे सीव्हीचा नमुना मागितला. त्याने नमुना दिला नाही. म्हणाला, "आधी तुमची सगळी कागदं घेऊन या, दोन ढीग करू."

तुमच्या नावाचे किती अवतार आहेत ते आज रात्री पासपोर्ट शेजारी ठेवून तपासा. सगळ्यात वेगळा अवतार कुठल्या कागदावर निघाला ते मला कळवा. पुढच्या भागात भेटू.